तिसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ फिल्टर: ८० हर्ट्झच्या कटऑफपासून पोल आणि ट्रान्सफर फंक्शनपर्यंत

सबवूफरला फक्त खालचे सूर पोचावेत आणि ८० हर्ट्झच्या वरचं सगळं हळूहळू गळून जावं, एवढीच गरज आहे असं धरू. होम थिएटरमध्ये क्रॉसओव्हरसाठी ८० हर्ट्झ हा आकडा सर्रास वापरला जातो. फिल्टर तिसऱ्या ऑर्डरचा हवा, आणि कटऑफच्या खाली त्याचा प्रतिसाद शक्य तितका सपाट हवा. हाती आकडे दोनच आहेत, ८० आणि ३. त्यातून s-प्लेनवर तीन पोल काढायचे, ट्रान्सफर फंक्शन लिहायचं आणि ते बरोबर आहे का हे पडताळायचं.

परीक्षेत हा प्रश्न बहुतेकदा कटऑफ १ रेडियन प्रति सेकंद धरून येतो आणि तक्त्यातलं उत्तर पाठ करून सुटतो. खरा कटऑफ दिला की गाडी अडते, कारण तक्ता पाठ असला तरी तो आला कुठून हे माहीत नसतं. म्हणून इथे तक्ता बाजूला ठेवू.

कटऑफ नेमका कशाला म्हणायचं

बटरवर्थ फिल्टरमध्ये कटऑफ म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला आउटपुटची पॉवर निम्मी होते ती. व्होल्टेज तिथे ०.७०७ पट राहतं, म्हणजे ३.०१ डीबीची घट. फिल्टर कितव्याही ऑर्डरचा असो, ही घट बदलत नाही.

कधीकधी मात्र मागणी वेगळ्या शब्दांत येते: ‘८० हर्ट्झपर्यंत अर्ध्या डीबीपेक्षा जास्त घट नको.’ इथे ८० हा कटऑफ नाही, तो पासबँडचा काठ आहे. कटऑफ त्याच्या पुढे असतो आणि तो आधी काढावा लागतो:

```
wc = wp / (10^(Ap/10) - 1)^(1/6)
```

`Ap` म्हणजे काठावर चालणारी घट, डीबीमध्ये. ०.५ डीबी घातले की कंसातली किंमत ०.१२२ येते, तिचं सहावं मूळ ०.७०४, आणि कटऑफ ८० ऐवजी साधारण ११३.६ हर्ट्झवर जातो. फरक लहान नाही, तेव्हा वही उघडण्याआधी दिलेला आकडा या दोहोंपैकी कोणता हे ठरवून घ्यावं. आपल्या उदाहरणात ८० हर्ट्झ हाच ३ डीबीचा कटऑफ आहे.

पुढचं काम एकक बदलण्याचं. s-प्लेनवर सगळं रेडियन प्रति सेकंदात चालतं, म्हणून

```
wc = 2*pi*80 = 502.65 rad/s
```

ही पायरी विसरून पोल −८० वर ठेवला, तर फिल्टर प्रत्यक्षात ८० भागिले २π, म्हणजे १२.७ हर्ट्झला कापायला लागतो. ८० हर्ट्झला ३ ऐवजी जवळपास ४८ डीबी घट मिळते आणि सबवूफर मुका होतो. गंमत अशी की ग्राफचा आकार अगदी बरोबर दिसतो, फक्त तो डावीकडे सरकलेला असतो. त्यामुळे आडव्या अक्षावरचे आकडे न वाचणाऱ्याला ही चूक दिसतच नाही.

सपाटपणा कुठून येतो

स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश संशोधकाने १९३० साली हा प्रतिसाद मांडला. त्याच्या मुळाशी एकच सूत्र आहे. तिसऱ्या ऑर्डरसाठी ते असं:

```
|H(jw)|^2 = 1 / (1 + (w/wc)^6)
```

छेदात फक्त सहावा घात आहे. दुसरा नाही, चौथाही नाही. शून्य फ्रिक्वेन्सीपासून वर जाताना पहिला फरक पडतो तोच सहाव्या घाताचा, म्हणून या वर्गाची पहिली पाच डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी शून्य असतात. तिसऱ्या ऑर्डरच्या, सगळे झिरो अनंतावर असलेल्या फिल्टरला याहून जास्त सपाट होता येत नाही. ‘मॅक्झिमली फ्लॅट’चा अर्थ एवढाच. ४० हर्ट्झला, म्हणजे अर्ध्या कटऑफला, छेद १ + १/६४ होतो आणि घट फक्त ०.०७ डीबी. दुप्पट फ्रिक्वेन्सीला, १६० हर्ट्झला, छेद ६५ होतो आणि घट १८.१ डीबी. तिथून वर दर ऑक्टेव्हला साधारण १८ डीबी.

ω कडून s कडे

सूत्रात फक्त मॅग्निट्यूड आहे, फेज नाही. पोल काढायचे तर सूत्र s मध्ये हवं. मॅग्निट्यूडचा वर्ग म्हणजे H(s) गुणिले H(−s), त्यात s = jω ठेवलेलं. उलट्या बाजूने जायचं तर ω² च्या जागी −s² ठेवायचं. मग ω⁶ म्हणजे (−s²) चा घन, अर्थात −s⁶. म्हणून

```
H(s) H(-s) = 1 / (1 - (s/wc)^6)
```

या वजाच्या चिन्हाकडे नीट बघा, सगळी गफलत इथेच होते. ऑर्डर विषम असेल तर वजा येतं, सम असेल तर अधिक. चौथ्या ऑर्डरसाठी (−s²) चा चौथा घात धन असतो, त्यामुळे तिथे छेद १ अधिक s⁸ असा राहतो. या एका चिन्हावरच पोल ऋण अक्षावर बसणार की नाही हे ठरतं. तिसऱ्या ऑर्डरला चुकून अधिक घेतलं तर पोल ३०, ९०, १५० अंशांवर येतात, आणि त्यातला ९० अंशांचा पोल थेट jω अक्षावर बसतो. बटरवर्थचा पोल jω अक्षावर कधीच नसतो. तसा आला तर चिन्ह तपासायचं.

छेद शून्य केला की s⁶ = ωc⁶. याची सहा उत्तरं आहेत, सगळ्यांचं अंतर उगमापासून ωc आणि दोन शेजाऱ्यांमध्ये ६० अंश. म्हणजे ५०२.६५ त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि ०, ६०, १२०, १८०, २४०, ३०० अंशांवर खुणा करायच्या. कागदावर हे वर्तुळ खरोखर काढावं. कंपास नसला तरी चालेल, पण खुणा दिसायला हव्यात.

सहातले तीन

सहा पोल H(s) आणि H(−s) या दोघांचे मिळून आहेत. आपल्याला फक्त H(s) चे तीन हवेत. फिल्टर स्थिर असायचा तर त्याचे पोल डाव्या अर्ध्या भागातच असले पाहिजेत, कारण −२५१ वरच्या पोलचा प्रतिसाद e^(−२५१t) असा विझत जातो, तर +२५१ वरचा वाढत जातो. म्हणून १२०, १८० आणि २४० अंशांचे ठेवायचे. उरलेले तीन त्यांचीच आरशातली प्रतिमा आहेत, ते आपोआप H(−s) कडे जातात.

```
s1 = -502.65
s2 = -251.33 + j435.31
s3 = -251.33 - j435.31
```

दुसरा पोल असा आला: १२० अंशांचा कोसाइन −०.५ आणि साइन ०.८६६, दोघांना ५०२.६५ ने गुणायचं. कॅल्क्युलेटर रेडियन मोडमध्ये असेल तर कोसाइन ०.८१ येईल आणि पोल उजवीकडे गेलेला दिसेल. चूक तिथेच पकडता येते.

इथे दोन तपासण्या लगेच होतात. दुसऱ्या पोलचं अंतर मोजा: २५१.३३ चा वर्ग ६३,१६७ आणि ४३५.३१ चा वर्ग १,८९,४९५, बेरीज साधारण २,५२,६६२, आणि तिचं वर्गमूळ ५०२.६५. पोल वर्तुळावर आहे. दुसरी तपासणी म्हणजे जोडीचा रिअल भाग एकट्या पोलच्या बरोबर निम्मा असणं. तिसऱ्या ऑर्डरला हे नेहमी असंच असतं, कटऑफ कितीही असला तरी.

या आकड्यांवरून कालप्रतिसादाचाही अंदाज येतो. एकटा पोल सुमारे २ मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने विझतो, तर जोडी ४ मिलिसेकंदांच्या. जोडी विझताना ४३५ रेडियन प्रति सेकंदाने, म्हणजे ६९ हर्ट्झने थरथरते. स्टेप दिली तर आउटपुट सुमारे ८ टक्के वर जाऊन खाली येतं. फ्रिक्वेन्सीत सपाट असलेला फिल्टर वेळेत शांत असेलच असं नाही. ज्याला ही ८ टक्के उडी चालणार नाही त्याने बेसेलकडे वळावं.

ट्रान्सफर फंक्शन

प्रत्येक पोलमागे छेदात एक घटक येतो. एकट्या पोलचा (s + 502.65). जोडीचे दोन घटक गुणले की j निघून जातो: s च्या सहगुणकाची जागा रिअल भागाच्या दुपटीने भरते, आणि शेवटची जागा अंतराच्या वर्गाने. अंशात ωc³ ठेवायचं, म्हणजे DC ला गेन १ राहतो.

```
               wc^3
H(s) = -----------------------------
       (s + wc)(s^2 + wc*s + wc^2)
```

उलगडून लिहिलं तर:

```
                 wc^3
H(s) = ---------------------------------
       s^3 + 2wc*s^2 + 2wc^2*s + wc^3
```

१, २, २, १ हे तक्त्यातले प्रसिद्ध सहगुणक इथून आले. ωc = १ धरलं तर नुसते तेच उरतात. आता आकडे घालू:

```
                    1.270e8
H(s) = ---------------------------------------
       s^3 + 1005.3 s^2 + 505324 s + 1.270e8
```

अंशात १ ठेवून पुढे जाणारे बरेच असतात. तसं केलं तर DC ला गेन १ ऐवजी १ भागिले १२.७ कोटी होतो, म्हणजे उणे १६२ डीबी. ग्राफचा आकार इथेही बरोबरच दिसतो, तो फक्त खाली बुडालेला असतो.

सर्किट बांधायचं असेल तर उलगडलेल्या रूपाचा फारसा उपयोग नाही. गुणाकाराचं रूपच जपून ठेवावं, कारण प्रत्येक कंसाची एक स्टेज होते.

हाताने पडताळा

s = 0 घातलं की H = 1, हे नजरेनेच दिसतं. खरी परीक्षा s = jωc ला आहे. चारही पदं ωc³ ने भागून लिहिली तर छेद होतो −j − 2 + 2j + 1, म्हणजे −1 + j. त्याचं मॅग्निट्यूड √2, म्हणून H चं ०.७०७. जुळलं.

फेजमध्ये एक खड्डा आहे. −1 + j चा कोन arctan ने काढला तर कॅल्क्युलेटर −४५ अंश दाखवतो. पण हा आकडा दुसऱ्या चतुर्थांशात आहे, त्याचा कोन १३५ अंश. म्हणून H ची फेज −१३५ अंश. तीन पोलच्या फिल्टरची फेज शेवटी −२७० ला जाते आणि कटऑफला ती बरोबर अर्ध्या वाटेवर असते. +४५ आलं तर चतुर्थांश चुकला.

संगणकावर बघायचं असेल तर पायथनमध्ये चार-पाच ओळी पुरतात:

```python
import numpy as np
from scipy.signal import butter

wc = 2*np.pi*80
z, p, k = butter(3, wc, analog=True, output='zpk')
print(p)
print(k)
```

`p` मध्ये वरचे तीन पोल दिसतील (क्रम वेगळा असू शकतो) आणि `k` मध्ये साधारण १.२७ × १०⁸. `analog=True` विसरलात तर प्रोग्रॅम डिजिटल फिल्टर समजून तक्रार करतो, कारण त्याला तिथे ० ते १ मधली किंमत हवी असते.

दोन स्टेजमध्ये घट कशी वाटली जाते

हा भाग सहसा शिकवताना सुटतो, आणि बांधताना नेमका याचाच त्रास होतो. s² + ωc·s + ωc² या कंसाचा Q बरोबर १ आहे. पुष्कळांच्या डोक्यात ‘बटरवर्थ म्हणजे Q ०.७०७’ असं पक्कं बसलेलं असतं. ते दुसऱ्या ऑर्डरचं आहे. इथे ०.७०७ वापरला तर कटऑफला ३ ऐवजी ६ डीबी घट होते आणि त्याच्या आधीच ग्राफ उतरू लागतो.

Q = १ ची स्टेज एकटी मोजली तर ती सपाट नसते. ५६.६ हर्ट्झच्या आसपास ती १.१५५ पट, म्हणजे १.२५ डीबी वर चढते. त्याच ठिकाणी पहिल्या ऑर्डरची स्टेज ०.८१६ वर आलेली असते. दोघांचा गुणाकार ०.९४३, आणि मूळ सूत्रातूनही तेवढाच येतो. एकीचा फुगवटा दुसरीच्या उतारात नेमका जिरतो. ८० हर्ट्झला तर Q = १ ची स्टेज बरोबर १ देते, त्यामुळे तिथली सगळी ३ डीबी घट एकट्या साध्या पोलची असते.

तीन सारखे RC एकामागे एक बफर लावून जोडले तर तिसरी ऑर्डर मिळते, पण बटरवर्थ मिळत नाही. तिन्ही पोल −५०२.६५ वर एकाच जागी येतात आणि ८० हर्ट्झला ९ डीबी घट होते. साध्या RC ने पोल रिअल अक्षावरून हलत नाहीत. १२० अंशांवर जायला फीडबॅक लागतो किंवा इंडक्टर.

पोलपासून बोर्डापर्यंत

फीडबॅकची सोपी वाट म्हणजे युनिटी गेन सॅलन-की. दोन्ही रेझिस्टर समान घेतले की Q फक्त कपॅसिटरच्या प्रमाणावर ठरतो: फीडबॅकचा कपॅसिटर C1, ऑप-अँपच्या इनपुटवरून ग्राउंडला जाणारा C2, आणि Q हे √(C1/C2) च्या निम्मे. Q = १ साठी C1 हा C2 च्या चौपट. C2 = १०० नॅनोफॅरड आणि C1 = ४०० नॅनोफॅरड घेतले तर R ९,९४७ ओहम येतो. दुकानात १० के मिळतो. तोच लावला तर कटऑफ ५०० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ७९.६ हर्ट्झ होतो. अर्ध्या हर्ट्झसाठी कुणी कुरकुर करणार नाही, कपॅसिटरचा पाच टक्के टॉलरन्स त्याहून मोठा आहे. पहिल्या ऑर्डरच्या स्टेजलाही १० के आणि २०० नॅनोफॅरड. ४०० म्हणजे १०० चे चार पॅरलल, २०० म्हणजे दोन. अख्खा फिल्टर १० के चे तीन रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचे सात कपॅसिटर यांत होतो.

साधी RC स्टेज आधी ठेवावी, मधे ऑप-अँपचा बफर, मग सॅलन-की. बफर गाळला तर पुढचे १० के मागच्या RC वर भार टाकतात आणि तिन्ही पोल जागचे हलतात. क्रम उलटा केला तर ट्रान्सफर फंक्शन तेच राहतं, पण ५६ हर्ट्झला आधीच्या स्टेजमधून १५ टक्के जास्त व्होल्टेज जातं, आणि सिग्नल सप्लायच्या जवळ असेल तर तिथे क्लिपिंग होतं. बाहेर मोजताना लेव्हल व्यवस्थित दिसते, आवाज मात्र फाटतो.

C1 आणि C2 ची अदलाबदल ही सोल्डरिंगमधली नेहमीची चूक. तसं झालं तर कटऑफची जागा तीच राहते, पण Q पाव होतो. ८० हर्ट्झला ३ ऐवजी १५ डीबी घट मोजली गेली तर दुसरं काही न शोधता आधी हे दोन कपॅसिटर बघायचे. मोजायला तीन फ्रिक्वेन्सी पुरतात: ४० हर्ट्झला इनपुटइतकंच, ८० ला ०.७ पट, १६० ला साधारण एक अष्टमांश.

राहता राहिला वरच्या स्पीकरचा हाय-पास. त्याचे पोल हेच तीन, फक्त अंशात ωc³ च्या जागी s³. दोन्ही आउटपुटची बेरीज केली की अंश s³ + ωc³ होतो. त्याचे घटक पाडा: (s + ωc)(s² − ωc·s + ωc²). छेदातला (s + ωc) कटतो आणि उरतं

```
 s^2 - wc*s + wc^2
-------------------
 s^2 + wc*s + wc^2
```

वरचं आणि खालचं मॅग्निट्यूड प्रत्येक फ्रिक्वेन्सीला सारखंच, म्हणजे बेरीज पूर्ण सपाट. एका स्पीकरची पोलॅरिटी उलटी लावली तर अंश ωc³ − s³ होतो, त्यातून s² + ωc·s + ωc² कटतो, आणि उरलेला (ωc − s)/(ωc + s) हाही सपाटच. दुसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थला ही सोय नाही: तिथे सरळ जोडणीत कटऑफला खड्डा पडतो आणि उलट्या जोडणीत ३ डीबीचा उंचवटा येतो. अर्थात हे गणित तारेतल्या सिग्नलचं आहे. खोलीत दोन स्पीकर वेगवेगळ्या अंतरावर असतात आणि त्यांची स्वतःची फेज असते, त्यामुळे कोणती पोलॅरिटी ठेवायची हे ८० हर्ट्झचा सूर वाजवून, बसायच्या जागी माइक ठेवून ठरवावं लागतं.